६० टक्क्यांचे ३७.८ कसे होतात: पहिल्यांदा कंपनी काढणाऱ्यासाठी कॅप टेबलचा हिशोब

कंपनीत तुमचा हिस्सा ६० टक्के आहे आणि तुमच्या सह-संस्थापकाचा ४० टक्के. एक गुंतवणूकदार टर्म शीट, म्हणजे गुंतवणुकीच्या मुख्य अटींचा कागद, देतो. कंपनीची आजची किंमत ८ कोटी धरून तो २ कोटी घालायला तयार आहे. तुम्ही मनात हिशोब करता: ८ आणि २ मिळून १०, त्यातले २ त्याचे, म्हणजे २० टक्के त्याचे. उरलेल्या ८० टक्क्यांत माझे ६०, म्हणजे ४८ टक्के. ठीक आहे, चालेल.

काही आठवड्यांनी वकिलाकडून राउंडनंतरचं, म्हणजे गुंतवणुकीच्या या फेरीनंतरचं, कॅप टेबल येतं आणि तुमच्या नावापुढे ३७.८ टक्के लिहिलेलं असतं.

यात कोणी फसवलेलं नसतं. टर्म शीटमध्ये सगळं लिहिलेलंच असतं, फक्त ते तीन वेगवेगळ्या ओळींत विखुरलेलं असतं. ते मधले १०.२ टक्के नेमके कुठे गेले, हे आपण याच उदाहरणात एकेक शेअर मोजून पाहू. चलन तुमचं जे असेल ते धरा, गणित तेच राहतं.

## पायरी १: टक्के विसरा, शेअर मोजा

कॅप टेबल म्हणजे कंपनीत कोणाचे किती शेअर आहेत याची यादी. टक्केवारी ही त्या यादीतून काढलेली गोष्ट आहे. ती साठवायची नसते, दर वेळी नव्याने काढायची असते. सुरुवातीला ही एक सवय लागली की पुढचे निम्मे गोंधळ होतच नाहीत.

आपल्या उदाहरणात कंपनीचे एकूण ६३ लाख शेअर आहेत. हा आकडा मी मुद्दाम निवडला आहे, कारण त्यामुळे पुढचे आकडे सरळ येतात. प्रत्यक्षात किती शेअरने सुरुवात केली याला फारसं महत्त्व नसतं. पहिल्या संस्थापकाला, म्हणजे तुम्हाला, आपण ‘अ’ म्हणू आणि दुसऱ्याला ‘ब’.

| भागधारक | शेअर | टक्के |
|---|---|---|
| अ | ३७,८०,००० | ६० |
| ब | २५,२०,००० | ४० |
| एकूण | ६३,००,००० | १०० |

आता एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. या लेखाच्या शेवटपर्यंत ‘अ’कडे ३७,८०,००० शेअरच राहणार आहेत. एकही शेअर कोणी काढून घेणार नाही. बदलतो तो छेद, म्हणजे एकूण शेअरची संख्या. कंपनी नवे शेअर काढते, एकूण वाढतं आणि तेवढेच शेअर आधीपेक्षा कमी टक्के ठरतात. डायल्यूशन म्हणतात ते इतकंच. गुंतवणूकदार साधारणपणे तुमचे शेअर विकत घेत नाही. तो कंपनीने नव्याने काढलेले शेअर घेतो आणि त्याचे पैसे कंपनीच्या खात्यात जातात.

म्हणूनच कोणालाही टक्क्यांत वचन देऊ नका. एखाद्या सल्लागाराला ‘तुला १ टक्का देईन’ असं म्हटलंत तर तो कधीचा एक टक्का? आजचा, की पुढच्या राउंडनंतरचा? आज ६३,००० शेअर म्हणजे जवळपास एक टक्का. राउंडनंतर एक टक्का द्यायचा तर लाखभर शेअर लागतील. पत्रात शेअरची संख्या लिहा, आणि हवं तर कंसात ‘आजच्या तारखेला इतके टक्के’ असं टाका.

याच पायरीवर व्हेस्टिंगही, म्हणजे संस्थापकांचे शेअर टप्प्याटप्प्याने पक्के होण्याची अट, उरकून घ्यावी. रूढ पद्धत चार वर्षांची आहे. पहिलं वर्ष पूर्ण होईपर्यंत काहीच पक्कं होत नाही, वर्ष संपताच पाव हिस्सा पक्का होतो आणि बाकीचा दर महिन्याला थोडा थोडा. पक्के न झालेले शेअरही कॅप टेबलमध्ये पूर्ण मोजले जातात. फरक दिसतो तो कोणी सोडून गेल्यावर. व्हेस्टिंग नसेल आणि ‘ब’ आठव्या महिन्यात निघून गेला, तर त्याचे २५,२०,००० शेअर कायमचे टेबलवर राहतात आणि त्याच्या जागी येणाऱ्या माणसासाठी तुम्हाला नवे काढावे लागतात. असं टेबल पाहून बरेच गुंतवणूकदार बोलणीच थांबवतात.

## पायरी २: अजून शेअर न झालेले पैसे टेबलवर आणा

पहिले पैसे बहुधा थेट शेअर देऊन घेतले जात नाहीत. कंपनीची किंमत काय, यावर इतक्या लवकर वाद घालण्यात दोघांनाही रस नसतो. म्हणून कन्व्हर्टिबल नोट किंवा सेफ नावाचा करार करतात. पैसे आज मिळतात, शेअर पुढच्या राउंडला मिळतात. सेफ वाय कॉम्बिनेटरने २०१३ मध्ये आणला आणि २०१८ मध्ये त्याचं पोस्ट-मनी रूप आणलं. आता मी त्या दुसऱ्या रूपाबद्दल बोलतोय.

समजा, तुम्ही अशा करारावर ५० लाख घेतले आणि त्यात ५ कोटींची पोस्ट-मनी व्हॅल्युएशन कॅप होती, म्हणजे त्याला शेअर देताना कंपनीची किंमत जास्तीत जास्त इतकीच धरायची अशी मर्यादा. याचा अर्थ असा: पुढच्या राउंडचे नवे पैसे येण्याच्या आदल्या क्षणी या गुंतवणूकदाराकडे कंपनीचा ५० लाख भागिले ५ कोटी, म्हणजे १० टक्के हिस्सा असेल. तुमचे ६३ लाख शेअर मग उरलेले ९० टक्के ठरतात. ६३ लाख म्हणजे ९० टक्के, तर पूर्ण ७० लाख, आणि सेफवाल्याचे ७ लाख.

अडचण ही की करार झाल्यावर भागधारकांच्या नोंदवहीत काहीच बदलत नाही. तिथे तुम्ही दोघेच दिसता, ६० आणि ४०. महिनोन्‌महिने तेच चित्र पाहून ६० टक्के आपलेच आहेत असं वाटत राहतं. खरं तर सही केली त्याच दिवशी तुमचे ५४ झालेले असतात.

म्हणून टेबल नेहमी फुली डायल्यूटेड पद्धतीने मांडायचं. आज अस्तित्वात असलेले शेअर, दिलेले ऑप्शन म्हणजे पुढे ठरलेल्या किमतीला शेअर घेण्याचे हक्क, पूलमध्ये राखून ठेवलेले ऑप्शन, वॉरंट, नोटा, सेफ, ज्याचे ज्याचे उद्या शेअर होऊ शकतात ते सगळं आजच झालं आहे असं धरायचं. गुंतवणूकदार टक्के म्हणतो तेव्हा त्याच्या मनात हाच छेद असतो. तुमच्या मनात दुसरा असेल तर दोघे एकच वाक्य बोलूनही वेगळं समजता.

पोस्ट-मनी सेफबद्दल आणखी एक गोष्ट थोडी थांबून समजून घ्यायला हवी, कारण संस्थापक सगळ्यात जास्त इथेच चुकतात. असे दोन सेफ घेतले तर ते एकमेकांना पातळ करत नाहीत. दोन्हींचा भार फक्त संस्थापकांवर आणि आधीच्या साध्या शेअरधारकांवर पडतो. समजा, पहिल्या ५० लाखांनंतर तुम्ही त्याच ५ कोटींच्या कॅपवर आणखी ७५ लाख घेतले. तो झाला १५ टक्के. पहिल्याचे १० तसेच राहतात, दोन्ही मिळून २५, आणि तुम्हा दोघांचे ७५ उरतात. ‘अ’चे ६० चे ४५ झाले आणि अजून पहिला खरा राउंड यायचाच आहे. थोडे थोडे पैसे, वेगवेगळ्या लोकांकडून, कॅप तीच ठेवून घेत राहणं सोपं असतं. दर वेळी कागद लहानच असतो. पण बेरीज कोणी करत नाही. प्रत्येक सेफवर सही करण्यापूर्वी रक्कम भागिले कॅप काढा आणि आधीच्या टक्क्यांत मिळवा. ही बेरीज २० च्या पुढे जाऊ लागली तर माझं मत असं की पुढचा सेफ घेण्याऐवजी शेअरची किंमत ठरवून सरळ राउंड करण्याची वेळ आली आहे.

आपल्या उदाहरणात मात्र ५० लाखांचा एकच सेफ आहे असं धरून पुढे जाऊ.

## पायरी ३: टर्म शीटमधली ऑप्शन पूलची ओळ वाचा

सुरुवातीच्या टर्म शीटमध्ये साधारण असा मजकूर होता: प्री-मनी किंमत ८ कोटी, गुंतवणूक २ कोटी, आणि राउंडनंतर फुली डायल्यूटेड हिशोबाने १० टक्के इतका न वाटलेला ऑप्शन पूल, जो प्री-मनीत धरला जाईल.

प्री-मनी म्हणजे नवे पैसे येण्याआधीची किंमत, पोस्ट-मनी म्हणजे ते आल्यानंतरची. इथे पोस्ट-मनी १० कोटी. ऑप्शन पूल म्हणजे पुढे नेमायच्या लोकांसाठी राखून ठेवलेले शेअर. तो प्री-मनीत धरायचा, याचा अर्थ त्याचा भार नव्या गुंतवणूकदारावर पडणार नाही. त्याचे २० टक्के पक्के. पूलचे १० टक्केही पक्के. उरलेल्या ७० टक्क्यांत तुम्ही दोघे आणि सेफवाला.

आपल्याकडे त्या गटाचे शेअर किती आहेत हे माहीत आहे: ६३ लाख अधिक ७ लाख, म्हणजे ७० लाख. ७० लाख म्हणजे ७० टक्के, म्हणून एकूण १ कोटी शेअर. शेअरची किंमत ठरवून केलेल्या या पहिल्या राउंडला सीड म्हणतात.

| भागधारक | शेअर | टक्के |
|---|---|---|
| अ | ३७,८०,००० | ३७.८ |
| ब | २५,२०,००० | २५.२ |
| सेफ गुंतवणूकदार | ७,००,००० | ७ |
| ऑप्शन पूल | १०,००,००० | १० |
| सीड गुंतवणूकदार | २०,००,००० | २० |
| एकूण | १,००,००,००० | १०० |

आता हरवलेल्या १०.२ टक्क्यांचा माग लागतो. फक्त गुंतवणूकदार आला असता तर ‘अ’ ६० वरून ४८ वर आला असता. पूलमुळे ४८ चे ४२ झाले. सेफमुळे ४२ चे ३७.८. म्हणजे मनातल्या हिशोबातून सुटलेले ६ टक्के पूलने नेले आणि ४.२ टक्के सेफने. ज्या २० टक्क्यांवर तुम्ही आठवडाभर घासाघीस केलीत, ते तुम्हाला आधीपासून दिसतच होते.

हाच प्रकार शेअरच्या किमतीतूनही दिसतो. पोस्ट-मनी १० कोटी, शेअर १ कोटी, म्हणून एका शेअरची किंमत १०. तुम्हा दोघांच्या ६३ लाख शेअरची किंमत झाली ६.३ कोटी. कागदावर कंपनीची किंमत ८ कोटी आहे, पण त्यात १ कोटीचा अजून कोणाचाच नसलेला पूल आहे आणि ७० लाखांचे सेफवाल्याचे शेअर आहेत. गुंतवणूकदाराने तुम्ही आजवर उभं केलेल्या कामाची किंमत ६.३ कोटी लावली आहे, आणि दोन प्रस्तावांची तुलना करताना हाच आकडा समोर ठेवावा.

समजा, दुसऱ्या गुंतवणूकदाराने ७.६ कोटी प्री-मनी देऊ केली, पैसे तेच २ कोटी, पण पूल ५ टक्केच मागितला. ऐकायला हा प्रस्ताव कमी वाटतो. हिशोब करा. पोस्ट-मनी ९.६ कोटी, त्याचा हिस्सा २०.८३ टक्के, पूल ५, उरले ७४.१७. त्यातला दहावा भाग सेफचा, म्हणून तुम्हा दोघांचे ६६.७५ टक्के. पहिल्या प्रस्तावात ६३ होते. एका शेअरची किंमतही इथे १०.१७ येते, १० पेक्षा जास्त. किंमत ४० लाखांनी कमी असूनही हा प्रस्ताव संस्थापकांसाठी चांगला आहे.

मग पूल किती असावा? यावर ‘बाजारात १० टक्केच चालतात’ असं उत्तर मिळेल. त्याला प्रत्युत्तर म्हणून भरतीचा आराखडा घेऊन बसा. पुढच्या राउंडपर्यंत, साधारण दीड वर्षात, कोणकोणती पदं भरायची आणि प्रत्येकाला किती ऑप्शन द्यायचे, हे एका पानावर लिहा. बेरीज ६ टक्के आली तर ६ मागा. दहाऐवजी सहा झाले तर उरलेले ७४ टक्के, तुम्हा दोघांचे ६६.६ आणि ‘अ’चे जवळपास ४०. मात्र आराखडा खरा असला पाहिजे. पूल मुद्दाम छोटा ठेवला आणि वर्षाच्या आत संपला, तर मधेच वाढवावा लागतो. तेव्हा सीड गुंतवणूकदारही तुमच्याबरोबर पातळ होतो आणि त्याची संमती लागते. ती बोलणी पैसे संपत आलेले असताना करायला कोणालाच आवडत नाही. दुसरी बाजूही आहे. न वापरलेला पूल वाया जात नाही. पुढच्या राउंडला नवा पूल मागितला जातो तेव्हा तो शिल्लक म्हणून धरला जातो आणि तेवढे नवे शेअर कमी काढावे लागतात.

## पायरी ४: हे सगळं एका शीटमध्ये बसवा

हाताने करताना इथे एक भोवरा लागतो. पूल एकूण शेअरच्या १० टक्के हवा, पण एकूण शेअर पूलवर अवलंबून. शीटमध्ये तसंच लिहिलं तर ते वर्तुळाकार संदर्भाची चूक दाखवतं. वर केलं तसं उलट्या बाजूने मोजलं, म्हणजे ज्यांचे शेअर ठाऊक आहेत त्यांना उरलेल्या टक्क्यांनी भागलं, की भोवरा सुटतो.

B1 मध्ये संस्थापकांचे शेअर, B2 मध्ये सेफची रक्कम, B3 मध्ये कॅप, B4 मध्ये प्री-मनी, B5 मध्ये नवी गुंतवणूक आणि B6 मध्ये पूलचे टक्के, 10% असे चिन्हासह, लिहा. मग पुढचे पाच कप्पे असे:

```
B7:  =B2/B3
B8:  =B1*B7/(1-B7)
B9:  =B5/(B4+B5)
B10: =(B1+B8)/(1-B9-B6)
B11: =(B4+B5)/B10
```

B7 सेफचे टक्के, B8 सेफचे शेअर, B9 गुंतवणूकदाराचे टक्के, B10 राउंडनंतरचे एकूण शेअर आणि B11 एका शेअरची किंमत. आपले आकडे घातले तर अनुक्रमे १० टक्के, ७ लाख, २० टक्के, १ कोटी आणि १० यायला हवेत.

या सूत्राच्या दोन मर्यादा आहेत. आधीपासून ऑप्शन दिलेले असतील किंवा जुना पूल असेल, तर पोस्ट-मनी सेफचे टक्के काढताना तेही छेदात येतात. राउंडमुळे वाढवलेला नवा पूल तेवढा त्यातून बाहेर राहतो. दुसरं म्हणजे, कॅपने निघणारा दर राउंडच्या दरापेक्षा कमी असेल तेव्हाच कॅप लागू होते. इथे ५ कोटी भागिले ७० लाख, म्हणजे ७.१४, आणि राउंडचा दर १०. म्हणून कॅप लागली. राउंडचा दर कॅपपेक्षा खाली आला तर सेफचे शेअर राउंडच्याच दराने निघतात, आणि करारात सूट लिहिली असेल तर सूट धरून येणारा दरही तपासावा लागतो. सेफवाल्याला त्याच्या सोयीचा दर मिळतो.

शीट बरोबर आहे का, हे कळण्याची एक खात्रीची खूण आहे. शेअरची किंमत तीन वाटांनी काढा. पोस्ट-मनी भागिले एकूण शेअर. प्री-मनी भागिले राउंडआधीचे सगळे शेअर, ज्यात सेफ आणि नवा पूल दोन्ही आले: ८ कोटी भागिले ८० लाख. आणि गुंतवणूक भागिले गुंतवणूकदाराचे शेअर: २ कोटी भागिले २० लाख. तिन्ही वेळा १० आलं पाहिजे. एकही वेगळं आलं तर कोणीतरी मोजायचं राहिलं आहे, आणि बहुतेक वेळा ते दुसऱ्या वाटेतच राहिलेलं असतं.

## पायरी ५: पुढचा राउंड आजच मांडून पाहा

सीडच्या टर्म शीटवर सही करण्याआधी सिरीज ए चा, म्हणजे सीडनंतरच्या राउंडचा, एक अंदाज त्याच शीटमध्ये जोडा. आकडे खरे ठरणार नाहीत, पण दिशा दिसते.

समजा, कंपनी चांगली चालली. पूलमधल्या १० लाखांपैकी ८ लाख ऑप्शन लोकांना दिले गेले, २ लाख उरले. नवा गुंतवणूकदार ३३.६ कोटी प्री-मनीवर ८.४ कोटी घालतो. पोस्ट-मनी ४२ कोटी, त्याचे २० टक्के. तोही राउंडनंतर १० टक्के मोकळा पूल मागतो. मोकळा या शब्दाकडे लक्ष द्या. दिलेले ८ लाख त्यात धरले जात नाहीत.

पुन्हा तीच रीत. ठाऊक असलेले शेअर: संस्थापक ६३, सेफ ७, सीड २०, दिलेले ऑप्शन ८, मिळून ९८ लाख. हे ७० टक्के. म्हणून एकूण १ कोटी ४० लाख. नव्या गुंतवणूकदाराचे २८ लाख आणि मोकळा पूल १४ लाख. त्यातले २ लाख आधीचे, म्हणून नवे १२ लाख काढायचे. शेअरची किंमत ३०.

| भागधारक | शेअर | टक्के |
|---|---|---|
| अ | ३७,८०,००० | २७ |
| ब | २५,२०,००० | १८ |
| सेफ गुंतवणूकदार | ७,००,००० | ५ |
| दिलेले ऑप्शन | ८,००,००० | ५.७१ |
| मोकळा पूल | १४,००,००० | १० |
| सीड गुंतवणूकदार | २०,००,००० | १४.२९ |
| सिरीज ए गुंतवणूकदार | २८,००,००० | २० |
| एकूण | १,४०,००,००० | १०० |

दोन राउंडमध्ये ‘अ’ ६० वरून २७ वर आला. त्याच्या शेअरची कागदावरची किंमत मात्र सीडनंतर ३.७८ कोटी होती, ती आता ११.३४ कोटी आहे. दोन्ही खरं आहे. टक्के घटल्याचं दुःख करायचं की नाही, हे शेअरच्या दरावर ठरतं. दर १० वरून ३० झाला म्हणून हे डायल्यूशन सोसण्यासारखं आहे. दर १० वरून ११ झाला असता आणि टक्के इतकेच घटले असते, तर पैसे घेण्याची वेळ किंवा रक्कम चुकली असं मी म्हणेन.

आणखी एक आकडा याच टेबलात पाहण्यासारखा आहे. दोघे संस्थापक मिळून ४५ टक्के, म्हणजे निम्म्याच्या खाली. मोकळ्या पूलला मत नसतं, न वापरलेल्या ऑप्शनलाही नसतं, त्यामुळे प्रत्यक्ष मतदानात तुमचा वाटा अजून निम्म्यावर आहे: १ कोटी १८ लाखांपैकी ६३ लाख, साधारण ५३ टक्के. पण संचालक मंडळात कोणाच्या किती जागा आणि कोणत्या निर्णयांना गुंतवणूकदाराची संमती लागते, हे वेगळ्या करारात असतं. कॅप टेबल पाहून कंपनी कोणाच्या हातात आहे ते पूर्ण कळत नाही.

याच राउंडमध्ये सीड गुंतवणूकदार प्रो-राटा हक्क पुढे करेल. म्हणजे आपला हिस्सा टिकवण्यासाठी नवे शेअर विकत घेण्याचा हक्क. तेव्हा एकच प्रश्न विचारा: त्याचे शेअर या २८ लाखांतून जाणार की त्यावर वेगळे निघणार? आतून गेले तर तुमचे २७ टक्के तसेच राहतात आणि नव्या गुंतवणूकदाराला कमी मिळतात. नवा गुंतवणूकदार पूर्ण २० टक्क्यांवर अडून बसला तर वेगळे काढावे लागतात आणि भार परत तुमच्यावर. हे टर्म शीटवर सही होण्याआधी मिटवायचं, कारण नंतर मागे हटायला कोणीच तयार नसतं.

दर आधीच्या राउंडपेक्षा खाली गेला तर अँटी-डायल्यूशनचं कलम जागं होतं आणि जुन्या गुंतवणूकदारांचे शेअर वाढतात. ब्रॉड-बेस्ड वेटेड ॲव्हरेज हा त्याचा रूढ आणि सौम्य प्रकार. फुल रॅचेट लिहिलं असेल तर जुना गुंतवणूकदार थेट नव्या खालच्या दरावर येतो, मग नवा राउंड कितीही लहान असो. ते दिसलं तर सही करू नका.

## पायरी ६: टेबल काय सांगत नाही ते वेगळं मोजा

२७ टक्के म्हणजे कंपनी विकली तर २७ टक्के पैसे, असं नाही. गुंतवणूकदारांकडे बहुधा प्रेफरन्स शेअर असतात आणि विक्रीत आपले घातलेले पैसे आधी परत घ्यायचे, की साधे शेअर समजून वाटा घ्यायचा, हे ते निवडतात.

समजा, सिरीज ए नंतर कंपनी १२ कोटींना विकली गेली. सिरीज एवाला २० टक्के, म्हणजे २.४ कोटी घेण्याऐवजी आपले ८.४ कोटी परत घेईल. सीडवाला २ कोटी घेईल, सेफवाला ५० लाख. मिळून १०.९ कोटी गेले, उरले १.१ कोटी. ते तुम्हा दोघांच्या ६३ लाख आणि कर्मचाऱ्यांच्या ८ लाख शेअरमध्ये वाटले जातात. मोकळा पूल कोणाचाच नसल्यामुळे बाद होतो, आणि ऑप्शन वापरताना भरायची किंमत आपण सोपेपणासाठी सोडून दिली आहे. ‘अ’च्या हाती साधारण ५८ लाख ६० हजार येतात. टेबल पाहून त्याने ३.२४ कोटी धरले असते. म्हणून शीटमध्ये विक्रीची किंमत बदलून पाहता येईल असा एक वेगळा भाग ठेवा आणि गुंतवलेल्या एकूण रकमेच्या आसपासच्या किमती त्यात नक्की घालून बघा. फरक तिथेच सर्वांत मोठा असतो.

## पायरी ७: सही करण्याआधी काय मागायचं

गुंतवणूकदाराकडून किंवा त्याच्या वकिलाकडून राउंडनंतरचं प्रो-फॉर्मा कॅप टेबल मागा, आणि ते पीडीएफ म्हणून नको, सूत्रं दिसतील अशा शीटच्या रूपात हवं असं स्पष्ट सांगा. ते टर्म शीटबरोबरच मागायचं. अंतिम करारांच्या टप्प्यावर ते आपोआप येतं, पण तोवर तुम्ही बाकीच्या गुंतवणूकदारांना नाही म्हणून टाकलेलं असतं.

मग तुमच्या शीटशी ओळ ओळ ताडून पाहा. टक्के ताडत बसू नका, शेअरची संख्या आणि शेअरचा दर ताडा. दोन पैशांचा फरक असला तरी सोडू नका, तो पूर्णांक करण्यामुळे आहे की आणखी कशामुळे ते विचारा. तुमचा दर १० आणि त्यांचा ९.९० आला, तर ८ कोटींना ९.९० ने भागा. ८०,८०,८०८ येतील. म्हणजे त्यांच्या हिशोबात राउंडआधी सुमारे ८१ हजार शेअर जास्त आहेत. मग ते कोणाचे हे शोधायचं. बहुधा उत्तर एखाद्या जुन्या ईमेलमध्ये सापडतं, जिथे तुम्ही एका सल्लागाराला किंवा पहिल्या कर्मचाऱ्याला शेअर देतो असं लिहून दिलं होतं आणि ते टेबलमध्ये चढवायचं राहिलं.